बाजारातली स्वस्त भाजी बुधवारी कुठे जाते?



आमच्या नागपुरात वारांच्या नावाने वस्त्या आहेत. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. त्या त्या वारी तिथे बाजार भरायचा, त्यावरून ही नावं पडली. आजही शहराच्या प्रत्येक भागात कुठला ना कुठला आठवडी बाजार भरतोच. आमच्या वस्तीला रविवारचा बाजार जवळ पडतो. शनिवारी मजुरीचा हप्ता हातात येतो आणि रविवारी संध्याकाळी दोन्ही हातांत थैल्या घेऊन बायका परत येतात.

मी मात्र बुधवारची सकाळ बघते. घरभेटीसाठी वस्तीत फिरत असते तेव्हा कचऱ्याच्या ढिगाकडे माझी नजर जाते. पिवळा पडलेला पालक, काळी झालेली मेथी, फुटलेले टमाटर. रविवारी घासाघीस करून, पाच रुपये कमी करून आणलेली भाजी तिसऱ्या दिवशी तिथे पडलेली असते. आणि त्याच घरात मी विचारते, "आज भाजी काय केली?" तर उत्तर येतं, "आलूचा रस्सा."

आपल्या वस्तीत हा वाद नेहमीचा आहे. सासू म्हणते, भाजी बाजारातूनच आणावी, ठेलेवाला लुटतो. सून म्हणते, मला रविवारी एकच सुट्टी, मी दारावर घेते. पोरगा म्हणतो, मोबाईलवर मागवा, दहा मिनिटांत येते. तिघंही किलोचा भाव सांगतात. माझं म्हणणं असं की किलोचा भाव हा भाजीचा खरा भाव नव्हे. पोटात गेलेल्या भाजीचा भाव किती पडला, तो खरा भाव.

दवाखान्यात नोकरीला होते तेव्हा पेशंटच्या खाटेला एक कागद लावलेला असायचा. किती पाणी आत गेलं, किती बाहेर आलं, ते दर पाळीला लिहायचं. डॉक्टर आधी तो कागद बघायचे. भाजीचाही असा कागद करावा असं मनात आलं. आमच्या गल्लीतल्या एका वहिनीने ते मनावर घेतलं. घरात पाच माणसं. नवरा रंगकाम करतो, ती चार घरी धुणीभांडी करते. घरी फ्रिज नाही. मार्च महिन्यात, उन्हं तापायला लागली तेव्हा, आम्ही चार आठवडे वहीत लिहिलं. भाजी चारही आठवडे तीच होती. आलू दोन किलो, कांदे दोन किलो, टमाटर दीड किलो, वांगी, कोहळं, फुलकोबी, पालक आणि मेथी एकेक किलो, पावभर मिरची आणि सांबार. फक्त आणायची रीत दर आठवड्याला बदलली.

पहिल्या आठवड्यात सगळं रविवारच्या बाजारातून आणलं. आलू आणि कांदे २० रुपये किलो, टमाटर २०, पालक ३०, मेथी ४०. सगळी भाजी २८९ रुपयांना आली. जाताना पायी गेली, येताना ओझं होतं म्हणून ई-रिक्षाला २० रुपये दिले. एकूण ३०९.

दुसऱ्या आठवड्यात सगळं दारावरच्या ठेल्यावरून, रोज लागेल तसं घेतलं. आलू २५, कांदे २८, टमाटर ३०, पालक ५०, मेथी ६०. आठवड्याचे ४०२ रुपये झाले. सांबार त्याने वरून दिला, त्याचे पैसे लागले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात पोराने मोबाईलवर मागवली. आलू ३२ रुपये किलो. पालक पावभराच्या पाकिटात १९ रुपयांना, म्हणजे किलोला ७६. मेथीचं पाकीट २२ रुपयांना, म्हणजे किलोला ८८. सगळी भाजी एकदम मागवली म्हणून पोचवायचे पैसे लागले नाहीत, पण हाताळणीचे १२ रुपये बिलात होतेच. एकूण ५५६.

इथेच वही बंद केली असती तर सासूबाई जिंकल्या असत्या. बाजार ठेल्यापेक्षा ९३ रुपयांनी स्वस्त, आणि मोबाईलपेक्षा तर २४७ रुपयांनी. पण कागदाची दुसरी बाजू, म्हणजे बाहेर काय गेलं, ती अजून बघायची होती.

बाजाराच्या आठवड्यात रविवारी रात्री पालक झाला, सोमवारी मेथी. मंगळवारी वांगं केलं, कारण रोज पालाभाजी म्हटली की पोरं नाक मुरडतात. बुधवारी सकाळी थैली उघडली तर अर्धा किलो पालक पिवळा आणि चिकट झालेला, अर्धा किलो मेथी काळी पडलेली. खालचे टमाटर ओझ्याने फुटले होते, ते जवळपास अर्धा किलो गेले. मग गुरुवारी घरात हिरवं काहीच नाही. वहिनीने ठेल्यावरून अर्धा किलो पालक २५ रुपयांना, अर्धा किलो मेथी ३० रुपयांना आणि अर्धा किलो टमाटर १५ रुपयांना घेतले. हे ७० रुपये झाले. ३०९ मध्ये ७० मिळवा, ३७९ होतात. ठेल्याच्या आठवड्यात दोन टमाटर सोडले तर काही फेकलं नव्हतं, आणि खर्च ४०२. म्हणजे पोटात तेवढीच भाजी गेली आणि फरक उरला तो फक्त २३ रुपयांचा. त्या २३ रुपयांसाठी तिने रविवारचे तीन तास बाजारात घालवले होते.

ही तरी गुरुवारी पुन्हा भाजी घेणारी बाई. पुष्कळ घरांत गुरुवारी हातात पैसा नसतो. तिथे फेकलेल्या मेथीच्या जागी दुसरी मेथी येत नाही. रविवारपर्यंत आलू, कांदा आणि वरण. त्यातही बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिच्या ताटात रस्सा उरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पालाभाजी खाल्ली की रक्त लगेच भरतं, असं मी सांगणार नाही. पाल्यातलं लोह शरीरात कमीच शोषलं जातं. लिंबू पिळलं तर थोडं जास्त, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. ज्यांचं रक्त कमी आहे त्यांना आशाताई देतात त्या गोळ्या घ्याव्याच लागतात. पण रक्त तयार व्हायला लागणारं फोलिक ॲसिड, डोळ्यांसाठीचं अ जीवनसत्त्व, हे आपल्या ताटात सगळ्यात स्वस्त मिळतं ते पाल्यातूनच. आठवड्यातले चार दिवस तोच नसेल तर नुकसान ७० रुपयांपेक्षा मोठं आहे.

आता ठेलेवाल्याबद्दल. तो लुटतो असं आपण सहज म्हणतो. पण तो पहाटे कॉटन मार्केटला नाहीतर कळमन्याला जातो, रोख पैसे मोजून माल घेतो, गाडीभाडं देतो आणि उन्हात गल्लोगल्ली फिरतो. संध्याकाळी उरलेला पालक त्याच्या घरी सडतो. आपण पावभर घेतो म्हणून आपल्याकडे सडत नाही, त्याच्याकडे सडतो. किलोमागे जे दहा-वीस रुपये जास्त घेतो, त्यात ही सड धरलेली असते. आलू-कांद्यावर त्याचा भाव पाच-आठ रुपयांनीच जास्त आणि पाल्यावर वीस रुपयांनी, त्याचं कारण हेच. जे लवकर खराब होतं त्यावर तो जास्त घेतो.

यातूनच आमचा चौथा आठवडा निघाला. जे टिकतं ते बाजारातून आणायचं, आणि जे टिकत नाही ते ठेल्यावरून, पाव-पाव. आलू, कांदे, कोहळं, फुलकोबी, वांगी, मिरची आणि टमाटर रविवारी आणले. पालक आणि मेथी मात्र रविवारी अर्धा-अर्धा किलोच घेतली, रविवार-सोमवारी खाऊन संपेल एवढी. ई-रिक्षा धरून २६४ रुपये झाले. उरलेला अर्धा किलो पालक आणि अर्धा किलो मेथी बुधवारनंतर पावभर करून ठेल्यावरून घेतली, ५५ रुपयांना. सांबार त्याने वरून दिला. एकूण ३१९ रुपये, आणि फेकलं जवळपास काहीच नाही. नुसत्या ठेल्यापेक्षा ८३ रुपये कमी. महिन्याला ३३२ रुपये होतात. अंडं सात रुपयाला धरलं तर ही ४७ अंडी आहेत.

पण बाजारातून काय आणायचं याइतकंच ते कसं निवडायचं हेही महत्त्वाचं आहे. टमाटर सगळे लालबुंद घेऊ नका. अर्धा किलो पिकलेले, अर्धा किलो गुलाबी आणि अर्धा किलो हिरवट घ्या. पहिले दोन दिवस लाल वापरा, तोवर बाकीचे पिकत जातात. ते थैलीत सगळ्यात वर ठेवा आणि घरी आल्यावर परातीत पसरून ठेवा. वांगं हातात घेऊन बघा. चकचकीत आणि देठ हिरवा असेल तर चार दिवस टिकतं. बारीक छिद्र दिसलं तर आत कीड आहे. कोहळ्याची कापलेली फोड दोन दिवसांत बुळबुळीत होते, म्हणून शेजारणीबरोबर अख्खं लहान कोहळं घ्या आणि ते शेवटी कापून वाटून घ्या. अख्खं कोहळं घरात कितीतरी दिवस राहतं. आलू आणि कांदे एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. आलूला अंधार लागतो, कांद्याला हवा.

पालाभाजीची जुडी घेताना झटकून बघा. ताजी दिसावी म्हणून तिच्यावर पाणी मारलेलं असतं. ते पाणी वजनात येतं, आणि तेच पाणी थैलीत भाजी सडवतं. पान तोडल्यावरही जिवंत असतं, श्वास घेतं, गरम होतं. ओली जुडी प्लास्टिकच्या पन्नीत बांधून ठेवली की आतल्या आत ती उकडल्यासारखी होते. म्हणून घरी आल्यावर आधी जुडी सोडा. पिवळं आणि सडकं पान काढून टाका, कारण एक सडकं पान शेजारची चार सडवतं. धुऊ नका. जुन्या सुती ओढणीला पाणी लावून घट्ट पिळा, त्यात पालक गुंडाळा आणि माठाजवळ सावलीत ठेवा. मार्चमध्ये वहिनीकडे असा ठेवलेला पालक दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही चांगला होता.

उन्हाळ्यात आणखी एक सोय करता येते. एका मोठ्या कुंडीत वाळू घाला, त्यात लहान मडकं बसवा, मधल्या वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपा, आणि वरून ओलं पोतं झाका. माठातलं पाणी जसं थंड होतं तशी आतली भाजी थंड राहते. आपल्याकडचं कोरडं ऊन यासाठी चांगलं. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा याचा उपयोग होत नाही. आणि कुंडीखाली ताटली ठेवली असेल तर तिच्यात पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.

ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांचं गणित वेगळं. त्यांची पालाभाजी कोरडी करून सुती पिशवीत ठेवली तर चार-पाच दिवस राहते, त्यांनी ती खुशाल रविवारी आणावी. "सगळं बाजारातूनच आणा" हा सल्ला बहुतेक वेळा फ्रिजवाल्या घरातूनच येतो, एवढं लक्षात असू द्या.

बाजारात रात्री आठनंतर भाव उतरतात. दुकान आवरायच्या वेळी दहा रुपयांत मेथीचा ढीग मिळतो. तो घ्यायला हरकत नाही, पण दिवसभर उन्हात पडलेली ती भाजी त्याच रात्री शिजली पाहिजे. ढिगाला वजन नसतं, म्हणून घरी एकदा तोलून बघा. आम्ही दहा रुपयांचा एक ढीग तोलला आणि निवडला. साडेसातशे ग्रॅममधून खाण्यासारखी पानं निघाली जेमतेम दोनशे ग्रॅम, म्हणजे किलोला ५० रुपये. ताज्या मेथीचा अर्धा किलो निवडला तेव्हा पावणेतीनशे ग्रॅम पानं निघाली. ती बाजारात २० रुपयांना आली होती, म्हणजे पानांचा भाव किलोला साधारण ७३ रुपये पडला. ढीग स्वस्त होता, पण वाटला होता तेवढा नाही. आणि निवडायला पाऊण तास गेला.

ठेल्याबाबतही दोन गोष्टी सांभाळा. पालाभाजी सकाळच्याच फेरीत घ्या. दुपारनंतर तीच भाजी त्याच भावाने, पण ऊन खाऊन आलेली असते. दुसरी गोष्ट उधारीची. ज्यांच्या हातात रविवारी अडीचशे रुपये एकदम नसतात त्यांना ठेल्याशिवाय पर्याय नाही, तो उधार देतो. पण उधारीवर भाव विचारायची आपल्याला लाज वाटते, आणि तिथेच आपण चुकतो. आपली वही ठेवा. त्याने लिहिलं की आपणही लिहा. काय घेतलं, किती वजन, कोणता भाव. महिन्याअखेरी नुसता आकडा ऐकून पैसे देऊ नका.

मोबाईलवरच्या भाजीला मी नावं ठेवत नाही. घरात बाळंतीण आहे, कोणी तापाने पडलंय, रात्रपाळी करून आलेली बाई बाजारात जाऊ शकत नाही, तेव्हा ती कामाची आहे. फुलकोबीसारख्या भाजीत भावाचा फरक दिसतो तेवढा नसतोही, कारण पाकिटातली कोबी पानं आणि दांडा छाटून येते. बाजारातल्या कोबीला पानं असतात, ती आपण वजनात घेतो आणि फेकून देतो. खरं तर ती कोवळी पानं बारीक चिरून बेसन पेरून केली की चांगली भाजी होते. मुळ्याच्या आणि बिटाच्या पाल्याचंही तसंच. तो पाला खाल्ला तर बाजारची कोबी स्वस्त, फेकला तर नाही.

मोबाईलचा खरा खर्च वेगळा आहे. एक पाव मिरची हवी असते, पण तेवढ्यावर पोचवायचे पैसे लागतात म्हणून पोरगा वरची रक्कम भरायला चिप्स आणि थंड पेय टाकतो. वहिनीच्या घरी एरवीच्या मागवण्याची जुनी बिलं काढून बघितली, तेव्हा भाजीच्या नावाने आलेल्या तीन पिशव्यांपैकी दोनमध्ये भाजीपेक्षा चिप्सचेच पैसे जास्त होते. आपल्या भाजीच्या आठवड्यात आलेलं मेथीचं एक पाकीट आतून ओलं होऊन काळं पडलेलं होतं. तिने ते फेकलं, तक्रार केली नाही. पाकीट आल्याबरोबर उघडून बघा. खराब निघालं तर लगेच फोटो काढून तिथेच तक्रार टाका, पुष्कळदा पैसे परत येतात. ठेल्यावर आपण खराब टमाटर हाताने बाजूला काढतो, इथे तो हक्क फोटोनेच बजवावा लागतो.

एक गोष्ट घरातल्या पुरुषमाणसांना. रविवारचा बाजार हे बाईचंच काम, असं कुठे लिहिलंय? चौथ्या आठवड्यात वहिनीचा नवरा बाजारात गेला. पहिल्यांदा त्याने दीड किलो टमाटर सगळे लाल आणले, त्यावरून घरात हसले. पुढच्या रविवारी बरोबर आणले. तिला त्या दिवशी दुपारी झोप मिळाली. हा फायदा वहीत कुठल्या रकान्यात लिहायचा ते मला कळलं नाही.

तुमच्या घरचे आकडे आमच्यासारखे नसतील. बाजार लांब असेल, माणसं कमी असतील, पाऊस लागला की पाल्याचा भाव दुप्पट होईल. म्हणून आमच्या वहीवर विसंबू नका. दोनच आठवडे स्वतःची वही ठेवा. एका बाजूला काय आणलं आणि कितीला, दुसऱ्या बाजूला काय फेकलं. फेकलेल्याची किंमत आणलेल्या भावाने लिहा. चौदा दिवसांनी तुम्हाला दिसेल की तुमच्या घरात कोणती भाजी सारखी फेकली जाते. ती एक भाजी रविवारच्या यादीतून काढा आणि ठेल्यावरून पाव-पाव घ्या. सुरुवात तेवढ्यापासून करा.

वहिनीच्या घरी ती भाजी मेथी होती. आता बुधवारी सकाळी ठेलेवाला आवाज देतो तेव्हा ती पंधरा रुपये हातात घेऊनच बाहेर येते.